अर्ज कोणी, कधी आणि कशासह करायचा: एका मराठी शाळेच्या प्रवेश सूचनेचा प्रकरण अभ्यास

मुंबईच्या पूर्व उपनगरातील एका मराठी माध्यमाच्या शाळेने फेब्रुवारी २०२६ च्या पहिल्या आठवड्यात पुढील शैक्षणिक वर्षाच्या प्रवेशाची सूचना प्रसिद्ध केली. शाळेची पहिली ते दहावी अनुदानित आहे, तर छोटा शिशू आणि मोठा शिशू हे वर्ग विनाअनुदानित आहेत. सूचनेसाठी एक रंगीत चित्र तयार करण्यात आले, त्याखाली मजकूर लिहिण्यात आला, आणि ते चित्र शाळेच्या फेसबुक व इन्स्टाग्राम पानांवर तसेच पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर टाकण्यात आले. तीन-चार दिवसांतच कार्यालयातील दूरध्वनी सतत वाजू लागला, एक-दोन पालक पहाटेच फाटकाशी येऊन उभे राहिले, आणि प्रवेश समितीने तो मजकूर नव्याने लिहून देण्याचे काम माझ्याकडे सोपवले. शाळेचे नाव येथे देण्याचे कारण नाही, कारण अशाच मजकुराच्या सूचना दर वर्षी शहरभर फिरत असतात.

मूळ मजकूर असा होता:

> प्रवेश सुरू! प्रवेश सुरू!! प्रवेश सुरू!!!
> गौरवशाली परंपरा, अनुभवी शिक्षकवृंद, सुसज्ज संगणक कक्ष, सीसीटीव्ही सुरक्षा, भव्य क्रीडांगण.
> शैक्षणिक वर्ष २०२६-२७ साठी छोटा शिशू व इयत्ता पहिली (सेमी इंग्रजी) प्रवेश देणे सुरू आहे. वयाची अट: अनुक्रमे ४ वर्षे व ६ वर्षे पूर्ण. मर्यादित जागा. प्रथम येणाऱ्यास प्राधान्य.
> अंतिम दिनांक १९ फेब्रुवारी.
> पालकांनी पाल्यासह सर्व आवश्यक कागदपत्रे घेऊन समक्ष भेटावे.
> संपर्क: शाळा कार्यालय.

वरवर पाहता यात काहीच राहिलेले नाही. वर्ग आहे, वय आहे, तारीख आहे, कागदपत्रांचा उल्लेख आहे, संपर्कही आहे. तरीही हा मजकूर वाचून घरबसल्या एकाही पालकाला आपले मूल पात्र आहे की नाही, कोणता कागद शोधायचा आणि कोणत्या दिवशी किती वाजता जायचे, हे ठरवता येत नाही. त्यामुळे प्रत्येक जण दूरध्वनी करतो. कार्यालयातील वरिष्ठ लिपिकांनी दूरध्वनीशेजारी एक जुनी हजेरीवही ठेवली होती आणि पालक काय विचारतात ते ते तिच्यात एका ओळीत टिपत होते. नवा मजकूर मी त्या वहीवरून लिहिला. सूचनेत काय हवे, याचे इतके नेमके टिपण एखाद्या नमुना पत्रकातही मिळाले नसते.

वहीत सर्वांत जास्त नोंदी वयाच्या होत्या. ‘६ वर्षे पूर्ण’ असे लिहिले, पण ती कोणत्या तारखेला पूर्ण झालेली असावीत हे लिहिले नाही, म्हणून ज्यांची मुले ऑगस्टमध्ये किंवा नोव्हेंबरमध्ये जन्मली आहेत ते पालक शाळा जूनमध्ये सुरू होते एवढ्यावरून आपले मूल अपात्र समजत होते. राज्य शासनाने सप्टेंबर २०२० मध्ये काढलेल्या आदेशाने हा दिनांक ३१ डिसेंबर असा ठरवला आहे. म्हणजे ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला सहा वर्षे पूर्ण होत असली की मूल पहिलीला चालते. त्याआधी हा दिनांक वेगळा होता आणि मोठ्या भावंडाचा प्रवेश त्या काळात झालेल्या घरांत जुनाच हिशेब डोक्यात राहतो. ‘३१ डिसेंबर २०२६ रोजी ६ वर्षे पूर्ण’ असे लिहूनही गोंधळ पूर्ण मिटत नाही, कारण वजाबाकी पालकांनाच करावी लागते आणि फोनवर ‘म्हणजे आमचा चालेल ना?’ हा प्रश्न येतोच. म्हणून वय वयात न लिहिता जन्मतारखेत लिहिले: इयत्ता पहिलीसाठी बालकाचा जन्म ३१ डिसेंबर २०२० रोजी किंवा त्यापूर्वीचा असावा, आणि छोट्या शिशूसाठी ३१ डिसेंबर २०२२ रोजी किंवा त्यापूर्वीचा. पालकाला मुलाची जन्मतारीख तोंडपाठ असते. ती समोरच्या तारखेशी ताडून पाहिली की निर्णय होतो, आणि हे एकच वाक्य बदलल्याने वहीतील वयाच्या नोंदी जवळपास थांबल्या.

दुसरा मुद्दा ‘प्रथम येणाऱ्यास प्राधान्य’ या तीन शब्दांचा, आणि तो मला सर्वांत गंभीर वाटला. फाटकाशी पहाटे उभे राहिलेले पालक या शब्दांमुळेच आले होते. ज्यांची रात्रपाळी असते किंवा ज्यांच्या घरी तान्हे मूल आहे त्यांना अशा रांगेत उभे राहणे शक्य नसते, पण अडचण तेवढीच नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १३ ने शाळेला प्रवेशासाठी चाळणी लावण्यास मनाई केली आहे, आणि त्याच कायद्यातील व्याख्येनुसार, सोडतीसारखी यादृच्छिक पद्धत सोडून, एका बालकाला दुसऱ्यापेक्षा प्राधान्य देणारी निवडीची कोणतीही पद्धत चाळणीत मोडते. पहिल्या उल्लंघनाला पंचवीस हजार रुपयांपर्यंत आणि त्यानंतरच्या प्रत्येक उल्लंघनाला पन्नास हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. अर्ज जागांपेक्षा जास्त आले तर सोडत काढणे हाच स्वच्छ मार्ग उरतो. म्हाडाच्या घरांमुळे सोडतीची रीत मुंबईकरांना पाठ आहे, त्यामुळे ती समजावून सांगण्यात फारसे शब्द खर्च करावे लागले नाहीत. ‘अर्ज पहिल्या दिवशी दिला काय किंवा शेवटच्या दिवशी दिला काय, संधी सारखीच राहील’ हे वाक्य मात्र मजकुरात मुद्दाम घातले, कारण तेवढे वाचल्याशिवाय पालक रांग सोडत नाहीत.

‘पाल्यासह समक्ष भेटावे’ या वाक्यावर मुख्याध्यापिका बाईंशी थोडी चर्चा झाली. त्यांचे म्हणणे असे की शाळा परीक्षा घेतच नाही. मूल समोर आले की बाई त्याला नाव विचारतात, एखादे गाणे म्हणायला सांगतात, इतकेच. ते खरेही होते. परंतु सूचना वाचणाऱ्या पालकाला हे माहीत नसते. प्रवेशाआधी मुलाला घेऊन बोलावले आहे म्हणजे मुलाखत आहे असे समजून घरात रंगांची नावे आणि शंभरपर्यंतचे आकडे घोकून घेण्याचा कार्यक्रम सुरू होतो, आणि पुढे त्या मुलाचे नाव सोडतीत निघाले नाही तर ते मुलाखतीत नापास झाल्यामुळेच, अशी समजूत पक्की होते. अर्ज घेण्यासाठी मुलाची गरज नाही, तर मग त्याला बोलावू नये. याच वाक्यात आणखी एक दुरुस्ती केली. ‘पालकांनी’ या शब्दाचा अर्थ आई आणि वडील दोघांनीही यावे असा घेणारे बरेच जण निघाले आणि त्यांतले काही एकाच दिवशी दोघांची रजा मिळावी म्हणून थांबले होते. आई, वडील किंवा सांभाळ करणारे पालक यांपैकी कोणीही एक पुरेसे आहे, असे लिहिल्यावर एकट्या आईने मूल वाढवणाऱ्या घरांचाही प्रश्न न बोलता सुटला.

कागदपत्रांवर सर्वाधिक वेळ गेला आणि तो जाणे योग्यही होते. ‘सर्व आवश्यक कागदपत्रे’ या शब्दांचा अर्थ प्रत्येक पालक आपापल्या अनुभवावरून लावतो, आणि मुंबईत सरकारी कामाचा अनुभव घेतलेला माणूस सावधगिरी म्हणून घरातील सगळी फाईलच उचलून आणतो. कार्यालयात मी एका वडिलांना पाहिले. त्यांच्या प्लास्टिकच्या पिशवीत दोघांची दहावीची गुणपत्रके, विवाह नोंदणीचा दाखला, बँकेचे पासबुक, सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट, लसीकरणाचे कार्ड असे सगळे होते, फक्त मुलाचा जन्म दाखला मूळ प्रतीच्या ऐवजी रुग्णालयाने दिलेल्या कार्डाच्या रूपात होता. लिपिक त्यांना म्हणाले, “साहेब, यातलं आम्हाला काहीच नको, आणि जे हवं ते यात नाही.” वडिलांनी पिशवी शांतपणे बंद केली आणि विचारले, “मग ते तिथे लिहायचं ना?”

लिहायचे ठरले तेव्हा लक्षात आले की कार्यालयाच्या संगणकात एक जुनी यादी आहे आणि दर वर्षी तीच छापली जाते. त्या यादीत पहिलीसाठी बालवाडीचा शाळा सोडल्याचा दाखला, मुलाचे आधार कार्ड आणि मुलाचा जातीचा दाखला या तिन्ही गोष्टी अनिवार्य दाखवल्या होत्या. पहिली हा औपचारिक शिक्षणाचा पहिला वर्ग आहे. बालवाडीत गेलेच नाही असे मूलही तेथे हक्काने येऊ शकते, म्हणून पहिली अट काढून टाकली. आधारबाबत सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ च्या निकालात शाळाप्रवेशासाठी ते सक्तीचे करता येणार नाही असे स्पष्ट केलेले आहे. शाळेला पुढे शासनाच्या प्रणालीत नोंदी करताना आधार उपयोगी पडते हे मान्य, पण ती सोय शाळेची आहे, म्हणून ‘असल्यास’ हा शब्द घालून ते प्रवेशानंतरच्या टप्प्यात नेले. जातीच्या दाखल्याचेही तसेच. बहुतेक घरांत वडिलांचा दाखला असतो आणि मुलाचा अजून काढलेला नसतो. सवलत घ्यायची असेल त्यांनी वडिलांच्या किंवा घराण्यातील रक्ताच्या नातेवाइकाच्या दाखल्याची प्रत द्यावी आणि मुलाचा दाखला पुढे काढावा, एवढे या टप्प्यावर पुरते.

उरला जन्म दाखला, आणि याच एका कागदाभोवती अडचणी सर्वांत जास्त आहेत. पहिली अडचण ठिकाणाची. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची पद्धत अजून टिकून असल्याने मुंबईत राहणाऱ्या पुष्कळ मुलांचा जन्म साताऱ्याला, चिपळूणला किंवा आणखी कुठे झालेला असतो. जन्माची नोंद जेथे जन्म झाला त्या हद्दीतच होते, त्यामुळे अशा मुलाचा दाखला महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात मिळत नाही, तो तिकडच्या ग्रामपंचायतीतून किंवा नगरपरिषदेतून आणावा लागतो. पालक आधी वॉर्ड ऑफिसला खेटे घालतात आणि मुदत संपत आली की गावी फोन करतात. दुसरी अडचण नावाची. बाळ जन्मले त्या आठवड्यात नोंद होते, बारसे नंतर होते, आणि दाखल्यावर नावाची जागा कोरी राहते. पालकांना ते पाच-सहा वर्षांनी शाळेच्या खिडकीशी कळते. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ च्या कलम १४ प्रमाणे नोंदणीपासून बारा महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येते आणि त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येते, म्हणजे काम होण्यासारखे आहे, पण ते एका दिवसात होत नाही. त्यामुळे मजकुरात ‘जन्म दाखल्यावर बालकाचे नाव आहे का ते आजच पाहावे’ अशी सूचना घातली. समितीतील एका सदस्यांना हे वाक्य अनावश्यक वाटले होते. वहीतील नोंदी दाखवल्यावर त्यांनी हरकत मागे घेतली.

दाखला मुदतीत मिळालाच नाही तर काय, हेही लिहिणे भाग होते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १४ नुसार वयाचा पुरावा नाही म्हणून बालकाला प्रवेश नाकारता येत नाही, आणि रुग्णालयातील किंवा परिचारिकेच्या नोंदवहीतील नोंद, अंगणवाडीची नोंद अथवा पालकांचे स्वघोषणापत्र हे पर्याय नियमांत दिलेले आहेत. वर उल्लेख केलेल्या वडिलांच्या पिशवीतील रुग्णालयाचे कार्ड त्या अर्थाने अगदीच निरुपयोगी नव्हते, हे लिपिकांच्याही ध्यानात आले. पण असा पर्याय सूचनेत ठळकपणे दिला की सगळेच स्वघोषणापत्रावर येतील अशी कार्यालयाला धास्ती होती, आणि ती अवाजवी म्हणता येणार नाही, कारण पुढे दहावीच्या प्रमाणपत्रापर्यंत हीच जन्मतारीख चालते आणि ती बदलून घेणे फार त्रासाचे होते. अखेर एक मधला मार्ग ठरला: दाखला मिळण्यास उशीर होत असेल तरी अर्ज मुदतीत द्यावा आणि पर्यायी पुराव्याबाबत कार्यालयात विचारावे, असे लिहिले. वाक्यात दिरंगाईला उत्तेजन नाही आणि दारही बंद केलेले नाही.

ओघात एक गोष्ट नोंदवून ठेवतो. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातील सुधारणा १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली आहे आणि त्या दिवसापासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशाच्या वेळी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्म दाखलाच धरला जाणार आहे. ती मुले पुढील वर्षी, म्हणजे २०२७-२८ मध्ये, छोट्या शिशूच्या दाराशी येतील. तेव्हा ही वाक्ये पुन्हा तपासावी लागतील.

कागद कोणते हे ठरले, पण ते कधी हवेत हा प्रश्न राहिला होता. जुन्या पद्धतीत सगळे एकदमच मागितले जाई. आता दोन टप्पे केले: अर्जासोबत जन्म दाखल्याची आणि राहत्या पत्त्याच्या पुराव्याची अशा दोनच झेरॉक्स, त्यांवर पालकाची स्वतःची सही, आणि नाव निघाल्यानंतर मूळ प्रती फक्त दाखवण्यासाठी. ‘मूळ प्रत दाखवून लगेच परत मिळेल’ हे स्पष्ट लिहिले, कारण शाळा मूळ दाखला ठेवून घेते असा समज असल्याने काही पालक तो आणायलाच तयार नसतात. पत्त्याच्या पुराव्यात शिधापत्रिका, वीजबिल किंवा नोंदणीकृत भाडेकरार यांपैकी कोणताही एक, असे लिहिले. येथे मुंबईची स्वतःची गुंतागुंत आहे. चाळीतील खोलीचे वीजबिल अनेकदा आजोबांच्या किंवा घरमालकाच्या नावावर असते आणि अकरा महिन्यांचा करार फेब्रुवारीत संपत आलेला असतो. बिल कोणाच्या नावावर आहे याचा शाळेला फरक पडत नाही, पत्ता जुळला की झाले, हे कंसात नव्हे तर पूर्ण वाक्यात सांगितले.

तारखेचा घोळ शाळेच्या शिपाई मामांनी पकडला. मजकुराचा कच्चा मसुदा खिडकीशी वाचला जात असताना ते म्हणाले, “एकोणीसला शिवजयंती आहे. त्या दिवशी फाटक मिरवणुकीपुरतं उघडणार, कार्यालय बंद.” चित्र तयार होऊन आठवडा झाला होता आणि पंचांग कोणीच पाहिलेले नव्हते. तारखेसोबत वार लिहिण्याची सवय असती तर हे चित्र बनवतानाच दिसले असते, कारण वार लिहिण्यासाठी दिनदर्शिका उघडावीच लागते. वेळेचाही प्रश्न होता. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात दहावीची परीक्षा सुरू होते, शाळा परीक्षा केंद्र आहे, आणि अकरा वाजता पेपर सुरू झाला की बाहेरच्या माणसाला आवारात येऊ देत नाहीत. तरी ‘कार्यालयीन वेळेत’ असे छापले असते तर साडेअकराला आलेला पालक उन्हात उभा राहिला असता. म्हणून प्रवेशाची खिडकी आठवड्याच्या दिवशी दुपारी साडेतीन ते साडेपाच आणि नोकरदारांसाठी शनिवारी सकाळी आठ ते दहा अशी ठेवली.

‘अंतिम दिनांक’ एकच असणे हेही पुरेसे नव्हते. अर्ज मिळण्याचा, अर्ज देण्याचा, सोडतीचा, शुल्क भरून प्रवेश निश्चित करण्याचा आणि प्रतीक्षा यादीचा दिवस वेगवेगळा असतो, आणि पालकांना रजा त्या त्या दिवशी घ्यायची असते. शुल्क भरण्याची मुदत सोमवारी २ मार्चला सुरू करायचे आधी ठरले होते. परंतु ३ तारखेला धुळवड येत असल्याने ती बुधवार ४ मार्चपासून धरली. मुदतीनंतरच्या अर्जांविषयी ‘विचार केला जाणार नाही’ हे ठरावीक वाक्य काढले. पहिलीत जागा रिकामी असताना, केवळ तारीख उलटली म्हणून शाळेने बालकाला परत पाठवणे कायद्याला धरून नाही, त्यामुळे अशा अर्जांसाठी जागा शिल्लक असल्यास प्रवेश मिळेल असे लिहिले. ‘मर्यादित जागा’ याऐवजी मोठ्या शिशूतून वर येणारी मुले वजा करून नव्याने उपलब्ध होणाऱ्या जागांचा आकडाच दिला. आकडा पाहिला की पालक दुसऱ्या शाळेतही अर्ज करून ठेवायचा की नाही हे ठरवू शकतात, आणि त्यांनी ते ठरवावे यात शाळेचे काही नुकसान नाही.

संपर्काच्या ओळीत आधी ‘शाळा कार्यालय’ एवढेच होते, आणि गेल्या वर्षीच्या सूचनेत लिपिकांचा खाजगी भ्रमणध्वनी छापला होता, ज्यावर त्यांना आजही रात्री फोन येतात. आता शाळेच्या नावावर असलेला एकच क्रमांक, तो उचलला जाण्याची वेळ, आणि संदेशात काय लिहायचे याचा नमुना दिला. जन्म दाखल्याची छायाचित्रे व्हॉट्सॲपवर पाठवू नयेत असेही सांगितले, कारण एका मोबाइलमध्ये पन्नास घरांची कागदपत्रे साठून राहणे कोणाच्याच हिताचे नाही. त्याच संस्थेची माध्यमिक इमारत पलीकडच्या गल्लीत आहे आणि नवे पालक हमखास तिथे जातात, म्हणून इमारतीची खूणही दिली.

शेवटी मांडणी. मोबाइलवर मजकुराच्या पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात, इन्स्टाग्रामवर साधारण सव्वाशे अक्षरांनंतर उरलेला भाग दडतो, आणि देवनागरीत मात्रा व अनुस्वार वेगळे मोजले जात असल्याने ही जागा डोळ्याला वाटते त्याहून लवकर संपते. तीनदा लिहिलेले ‘प्रवेश सुरू’ आणि त्याखालची गौरवशाली परंपरा यांनी नेमकी तीच जागा खाल्ली होती. सुविधांची यादी पूर्ण वगळली, शाळा त्या प्रत्यक्ष भेटीत दाखवू शकते. चित्रावर फक्त वर्ग, जन्मतारखेची अट, अर्जाची शेवटची तारीख आणि क्रमांक ठेवला, कारण चित्र जतन करून पुढे पाठवले की खालचा मजकूर मागेच राहतो. क्रमांक मजकुरातही दिला, कारण चित्रातला क्रमांक बोटाने दाबून लागत नाही.

शनिवार ७ फेब्रुवारीला प्रसिद्ध झालेला मजकूर पुढीलप्रमाणे. दूरध्वनी क्रमांक, शुल्काचा आकडा आणि पत्ता येथे गाळला आहे.

> *सुधारित सूचना (७ फेब्रुवारी २०२६). इयत्ता पहिली आणि छोटा शिशू प्रवेश २०२६-२७. अर्ज देण्याची शेवटची तारीख: शनिवार, २१ फेब्रुवारी.*
>
> सन्माननीय पालक, इयत्ता पहिलीसाठी बालकाचा जन्म ३१ डिसेंबर २०२० रोजी किंवा त्यापूर्वी, आणि छोट्या शिशूसाठी ३१ डिसेंबर २०२२ रोजी किंवा त्यापूर्वी झालेला असावा. पहिलीत नव्याने २२ आणि छोट्या शिशूत ३० जागा आहेत.
>
> अर्ज सोमवार ९ फेब्रुवारीपासून प्राथमिक इमारतीच्या खिडकीवर विनामूल्य मिळतील. वेळ: सोमवार ते शुक्रवार दुपारी ३.३० ते ५.३०, शनिवारी सकाळी ८ ते १०. गुरुवार १९ फेब्रुवारी रोजी शिवजयंतीनिमित्त खिडकी बंद राहील. आई, वडील किंवा सांभाळ करणारे पालक यांपैकी कोणीही एकाने यावे. बालकाला आणण्याची आवश्यकता नाही.
>
> अर्जासोबत स्वतःची सही केलेल्या दोन झेरॉक्स द्याव्यात: (१) बालकाचा जन्म दाखला, (२) शिधापत्रिका, वीजबिल किंवा नोंदणीकृत भाडेकरार यांपैकी एक. बिल दुसऱ्याच्या नावावर असले तरी पत्ता तोच असल्यास चालेल. जन्म दाखल्यावर बालकाचे नाव आहे का ते आजच पाहावे. दाखला मिळण्यास उशीर होत असल्यास अर्ज मुदतीत द्यावा आणि पर्यायी पुराव्याबाबत कार्यालयात विचारावे.
>
> अर्ज जागांपेक्षा अधिक आल्यास बुधवार २५ फेब्रुवारी रोजी दुपारी ४ वाजता पालकांसमोर सोडत निघेल. अर्ज पहिल्या दिवशी दिला किंवा शेवटच्या दिवशी दिला, तरी संधी सारखीच राहील. बालकाची किंवा पालकांची मुलाखत घेतली जाणार नाही.
>
> निवड झालेल्यांनी बुधवार ४ मार्च ते मंगळवार १० मार्च या काळात खिडकीच्या वेळेत मूळ कागदपत्रे दाखवून प्रवेश निश्चित करावा. मूळ प्रती लगेच परत मिळतील. त्या वेळी बालकाची दोन छायाचित्रे आणावीत. आधार कार्ड आणि सवलतीसाठी जातीचा दाखला असल्यास आणावा, नसल्यास प्रवेश अडणार नाही. प्रतीक्षा यादी गुरुवार १२ मार्च रोजी फलकावर लागेल. मुदतीनंतर आलेल्या अर्जांना जागा शिल्लक असल्यास प्रवेश मिळेल.
>
> छोट्या शिशूचे मंजूर वार्षिक शुल्क: (आकडा). कोणतीही देणगी घेतली जात नाही आणि शाळेने कोणीही मध्यस्थ नेमलेला नाही. प्रत्येक रकमेची पावती घ्यावी.
>
> चौकशी: (क्रमांक), दुपारी ३ ते ५.३०. संदेश पाठवताना वर्ग आणि बालकाची जन्मतारीख लिहावी. कागदपत्रांची छायाचित्रे पाठवू नयेत.

मजकूर लांब आहे, याची जाणीव आहे. समितीतही ‘इतकं कोण वाचतं?’ असे एकांनी विचारलेच. ज्याला प्रवेश घ्यायचा नाही तो पहिल्या ओळीनंतर पुढे जातो, आणि ज्याला घ्यायचा आहे तो आपल्या अडचणीचे वाक्य सापडेपर्यंत वाचतो. लिपिकांच्या वहीत त्यानंतरच्या आठवड्यात येणाऱ्या नोंदी बदललेल्या दिसल्या. वय आणि वेळ यांचे प्रश्न विरळ झाले आणि त्यांच्या जागी ‘दाखल्यावर नाव नाही, आता काय करू’ असे, ज्यांना खरोखर माणसाशी बोलणे आवश्यक असते असे, प्रश्न आले.

काही गोष्टी मात्र या मजकुराने सुटल्या नाहीत. जुने चित्र व्हॉट्सॲपवर फिरतच राहिले. पाठवलेला संदेश पंधरा मिनिटांनंतर बदलता येत नाही आणि इतरांनी पुढे पाठवलेला तर शाळेच्या हातात नसतोच, म्हणून नव्या मजकुराच्या अगदी सुरुवातीला ‘सुधारित’ हा शब्द आणि प्रसिद्धीची तारीख ठेवली होती. तेवढ्यानेही सगळे सावध झाले नाहीत. १९ तारखेला मिरवणुकीच्या गर्दीत दोन पालक जुने चित्र मोबाइलवर दाखवत आले. खिडकी २१ तारखेपर्यंत आहे, असे मामांनी त्यांना फाटकाशीच सांगितले आणि नवी सूचना त्यांच्या मोबाइलवर पाठवून दिली. व्हॉट्सॲपवर अक्षरे ठळक दिसावीत म्हणून घातलेल्या ताऱ्यांच्या खुणा फेसबुकवर तशाच दिसत होत्या, त्या काढाव्या लागल्या. शिवाय जुन्या चित्राची मूळ प्रत संगणकात राहिली तर पुढच्या जानेवारीत कोणीतरी वर्ष तेवढे बदलून तेच पुन्हा लावील, हे ओळखून लिपिकांनी ती फाईल काढून टाकली आणि तिच्या जागी हा मजकूर, सर्व तारखा रिकाम्या ठेवून, जतन केला.